पेंडशेठची धाकली

तेलाच्या गिरणीत त्याचं सगळं आयुष्य गेलं, म्हणून गल्लीने त्याचं नाव पेंडशेठ ठेवलं होतं. शेठ कसला, अंगावर दोन जोडी कपडे आणि नाकात कायमचा तेलाचा वास. पण पेंडीचं ज्ञान मात्र पक्कं. तुकडा मोडून, हुंगून तो सांगायचा, शेंगदाण्याची ताजी की जुनी, सरकीची सालासकट की सोललेली. त्याचा शब्द गोठेवाले मानत आणि हे त्याला फार आवडे.

बायको गेली तेव्हा मागे एकच जित्राब राहिलं, तिची गाय थोरली. बायकोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता थोरली म्हातारी झाली होती आणि या वेताला तिला कालवड झाली. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, हे शेवटचं वेत. म्हणून त्या कालवडीचं नाव धाकली. सून म्हणाली, "मामंजी, आईंचं एवढंच उरलंय आपल्याकडे. जीव लावून सांभाळा." पुढे ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि गोठा त्याच्या हाती आला.

जाताना सुनेने नीट समजावलं होतं. धाकलीला दूध, कोवळं गवत आणि मूठभर भरडा, त्यात थोडी शेंगदाणा पेंड. पण पावसाळी हवेने पेंडीला बुरशी धरली. पेंडशेठने पोतं उघडलं, हुंगलं आणि सगळं उकिरड्यावर फेकलं. तिथे तो चुकला नाही. बुरशीच्या पेंडीचं विष गाईच्या दुधातसुद्धा उतरतं.

चुकला तो पुढे. घरात सरकीची पेंड होती, थोरलीची. तिला ती रोज दोन किलो मिळायची, बाकीच्या खुराकात मिसळून, आणि दूध कसं दाट यायचं. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं शेकडा चाळीसच्या वर, सालासकट सरकीत बावीसच्या आसपास. म्हणजे धाकलीच्या अंगी तेवढंच लागायला हवं तर सरकी दुप्पट. हिशेब बिनचूक होता. त्याने खूश होऊन दुप्पट घातली. बायको असती तर म्हणाली असती, वासरू आहे की पैलवान? पण ती नव्हती आणि दुसरं कोणी विचारणारं नव्हतं.

काही आठवडे धाकली बरी दिसली. अंगावर तकाकी आली म्हणून त्याने शेजाऱ्यांना बोलावून दाखवलीसुद्धा. मग तिचं खाणं मंदावलं. त्याला वाटलं, पेंडीचा वास आवडत नसेल, म्हणून त्यात गूळ कालवला आणि हाताने भरवलं. नंतर चार पावलं चालली की तिला धाप लागू लागली. त्याने डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला, पण त्या यायच्या आत धाकली दावणीपाशी मटकन बसली आणि पुन्हा उठली नाही. मान त्याच्या मांडीवर होती.

बाईंनी आल्यावर तिला तिथेच उघडून पाहिलं. छातीत पिवळट पाणी साचलेलं, हृदय सुजून ढिलं पडलेलं. त्यांनी गव्हाणीतला उरलेला भरडा चिमटीत घेतला आणि हे किती दिवस घालताय, असं विचारलं. त्याने सगळं सांगितलं, हिशेबासकट.

"सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं, काका," त्या हळू म्हणाल्या. "मोठ्या गाईचं पोट ते बांधून टाकतं, दोन-तीन किलोपर्यंत तिला काही होत नाही. वासराचं ते पोट अजून तयारच झालेलं नसतं. विष अंगात साठत जातं आणि हृदयाला धरतं. चार महिने तरी त्याला सरकी दाखवायचीच नाही. वळूलाही जपूनच."

"औषध?"

"नाही. बंद करायचं, एवढंच."

भरडा तपासायला नेते म्हणाल्या, पण त्याला तपासणीची गरज उरली नव्हती. तुम्हाला माहीत नव्हतं, असंही त्या म्हणाल्या. ते मात्र त्याला सर्वांत जास्त लागलं. जन्मभर पेंड हुंगली, पण हे नाकाला कधी कळलं नाही, आणि त्याने कधी कोणाला विचारलंही नाही. विचारायचं कशाला, लोकच त्याला विचारायला येत होते. तो भिंतीला टेकून ढसाढसा रडला. बायको गेली तेव्हासुद्धा इतका रडला नव्हता.

सून बाळाला घेऊन परत आली. काय झालं ते तिने ऐकून घेतलं. मग धाकलीच्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी थोरली हंबरू लागली. धाकली गेल्यापासून ती पान्हा चोरत होती. पेंडशेठने तिच्यापुढे दोन किलो सरकीची पेंड ओतली, नेहमीसारखी मोजून. तिला ती बाधत नव्हती. थोरलीने तोंड घातलं, चार घास खाल्ले. मग मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि उरलेली पेंड जिभेने धाकलीच्या खुंट्याच्या बाजूला सारू लागली, रोज तिच्यासाठी सारायची तशी.