पन्हाळ्यावरून रिकामे आलेले एसी

तुमच्या आत्याची शिरोलीजवळची शेड तुम्ही फोनवर पाहिली आहे. जुने फ्रिज आणि एसी तोडायला देण्याआधी त्यांतला गॅस तिथे काढून घेतात. तो हवेत सोडायचा नसतो, बंद सिलिंडरमध्ये ओढायचा असतो. फ्रिजच्या भिंतीतल्या पिवळ्या फोममध्येही गॅस अडकलेला असतो. म्हणून फ्रिजचे सांगाडे न फोडता, आहेत तसे छपराखाली ठेवतात आणि मोठ्या कारखान्यात पाठवतात. तिथे ते बंद यंत्रात दळले जातात. मी दुपारी तिथे जाऊन बसते. काम काही नसते, पण लक्ष असते.

त्या उन्हाळ्यात पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलने आपले जुने एसी आणि फ्रिज काढायला घेतले. पहिल्या खेपेतले फ्रिज भरलेले निघाले. एसी मात्र जवळजवळ सगळे रिकामे. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच गॅस ओढतात, आणि काटा हलेचना. हॉटेलच्या मेकॅनिकने तर एसी उतरवताना गॅस बाहेरच्या पेटीत कोंडून दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले होते. मग गॅस गेला कुठे?

उन्हाळ्यात एसी दुरुस्त करणाऱ्यांना गॅस हवाच असतो. गॅस काढणारा कामगार एकच, शेडची किल्लीही त्याच्याकडे. आत्याचा संशय त्याच्यावर गेला. खरे सांगायचे तर माझाही.

"ताई, ह्ये बघा," तो पाइपच्या तोंडाला बोट लावून म्हणाला. "त्याल लागलंय, गॅससंगं आतनं आल्यालं. ताजं हाय. गॅस वाटंतच गेलाय."

"तेल तूही लावू शकतोस," आत्या म्हणाली.

"व्हय की! आता मी घरनं त्याल आणून लावतोय बघा," तो म्हणाला, आणि हातमोजे काढून बाकड्यावर ठेवले.

दुसरी खेपही रिकामी आली तर त्याला काढायचे, असे आत्याने मला घरी येऊन सांगितले. त्याच्या बायकोला बाळंतपणाला महिना राहिला होता. म्हणून मी म्हटले, खेप आणायला टेम्पोत मी बसते.

टेम्पोवाला भंगार गोळा करणारा, कोडोलीचा. वाटेत हा कुठल्या तरी एसी दुरुस्तीच्या दुकानापाशी गॅसचे गिऱ्हाईक ठरवायला थांबणार, असे मला वाटत होते. तो चहालासुद्धा थांबला नाही. त्यानेही माझा अंदाज घेतला असावा. "आज्जी, पन्हाळा बघाय आलाय का मला बघाय?" त्याने विचारले. मी खिडकीबाहेर पाहिले.

हॉटेलच्या मागच्या अंगणात मॅनेजर उभा होता. भरलेल्या एसीला जास्त दर ठरला होता. टेम्पोवाला नंतर 'रिकामा होता' म्हणून दर पाडेल, अशी मॅनेजरला शंका. आणि हॉटेलवाले रिकामाच गळ्यात मारतील, अशी टेम्पोवाल्याला शंका. यावर दोघांनी मिळून एक पद्धत काढली होती. टेम्पोवाल्याने खिशातून व्हॉल्व्ह फिरवायची किल्ली काढली, पहिल्या एसीचा व्हॉल्व्ह जरा फिरवला. फुस्स झाले.

"ऐकलं न्हवं पावणं? भरल्याला हाय."

"आणखी थोडं. नीट ऐकू आलं नाही," मॅनेजर म्हणाला.

पुन्हा फुस्स. मग घाईने अर्धवट आवळून, टोपण न लावता पुढचा एसी. मी वाकून पाहिले तर पहिल्याच्या तोंडाशी तेलाचे बारीक बुडबुडे येत होते. घाट उतरेपर्यंत त्यात काय राहणार होते!

"थांबवा हे," मी म्हणाले, आणि आत्याला फोन लावला. तिने फोनवरूनच टेम्पोवाल्याकडून सगळे व्हॉल्व्ह घट्ट आवळून घेतले, टोपणे शोधायला लावली. मॅनेजरला सांगितले, की यापुढे गॅस शेडमध्येच मोजला जाईल, तुम्ही समोर उभे राहा.

"तुमच्या काट्यावर?" तो म्हणाला. "मग माझा माणूस काटा घेऊन येईल."

त्या दिवशी ज्यांचा आवाज ऐकवला नव्हता, ते एसी भरलेले निघाले. आत्याने कामगाराला सगळे सांगितले, चुकले म्हणाली. त्याने मान हलवली, हातमोजे घातले.

तो अजून तिथेच आहे. त्याला मुलगी झाली, बारशाला मी गेले होते. पण सिलिंडर काट्यावर चढवला की हात मागे बांधून उभा राहतो आणि शेडभर ऐकू जाईल असे ओरडतो, "ताई, या. आज्जी, तुमीबी या. तुमी बघितल्याबिगर मी हात न्हाय लावायचा."

आम्ही दोघी उठून जातो.