दुर्गे लाइनमन बोलायला बसतात

लेकीची पाठवणी झाली तेव्हा तेलंगणातल्या आदिलाबादजवळ, मावला गावातल्या त्या मांडवात रडला नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे तिचा बाप. देवाजी दुर्गे गाडीच्या दाराशी उभे राहून ड्रायव्हरला रस्ता समजावून सांगत होते. करुणा गळ्यात पडली, तर त्यांनी तिची पाठ थोपटली आणि पिशव्या मोजल्या. चार दिवसांनी ती परत आली, तेव्हा चहा देता देता तिनं विचारलं, "बाबा, तुमाले काहीच वाटलं नाही का?"

देवाजींनी खरंच आठवून पाहिलं. काही सापडलं नाही. "नाही," ते म्हणाले.

करुणा रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठून आत गेली.

वीज खात्यात देवाजींना मान होता. लाइनमनचे लाइन इन्स्पेक्टर झाले होते, कुठल्या वस्तीवर कोणता ट्रान्सफॉर्मर आहे हे त्यांना तोंडपाठ. दारू नाही, भांडण नाही. घरात मात्र त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं आशाबाई म्हणायच्या, आणि तेही आता म्हणत नव्हत्या. झोप पहाटेची मोडायची. जेवण चवीशिवाय जायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन-तीनदा सुचवलं होतं की औषधानं भागणार नाही, बोलायला जा. देवाजी हो म्हणायचे आणि जायचे नाहीत. पागलांच्या डॉक्टरकडं इन्स्पेक्टरसाहेब गेले, ही बातमी आदिलाबादच्या बाजारात किती लवकर फिरेल हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी करुणा आत गेल्यावर ते आशाबाईंना म्हणाले, "त्या बाईचा नंबर आहे का तुज्याजवळ?"

ती बाई म्हणजे रामटेके मॅडम. यवतमाळहून दर शुक्रवारी यायच्या आणि आदिलाबादेत एका मानसोपचार डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसायच्या. देवाजींना वाटलं होतं पलंग असेल, पांढरा कोट असेल. तिथं दोन खुर्च्या होत्या, थोड्या तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे समोरच्याकडं बघायचं नसेल तर खिडकीकडं बघता येईल अशा. आशाबाई बाहेर बाकावर बसल्या.

"तेलुगूत बोलायचं की मराठीत?" मॅडमनी आधी तेच विचारलं.

"ऑफिसचं तेलुगूत सांगता येते," देवाजी म्हणाले. "घरचं नाही."

"मग आपलीच बोली. ऐका दुर्गेसाहेब, मी औषध देत नाही, ते डॉक्टर पाहतील. माझं काम बोलण्याचं. इथं बोललेलं बाहेर जात नाही, तुमच्या बाईसाहेबांनासुद्धा मी सांगणार नाही. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावं लागेल, आणि तेही आधी तुमाले सांगूनच. चालते?"

"चालते."

"इतकी वर्षं आला नाहीत. आताच काऊन आलात?"

देवाजींनी पाठवणीचं सांगितलं. सांगताना आवाज मीटर रीडिंग सांगावं तसा. मॅडमनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मग जराही आवाज न बदलता विचारलं, "जगू नये, मरून जावं, असा विचार येतो का?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. "मरावं असं नाही," ते म्हणाले. "पण जगून राह्यलो असंबी वाटत नाही."

"स्वतःला काही करून घेण्याचं कधी ठरवलं? तयारी केली?"

"नाही. कधीच नाही."

"तसं कधी वाटलं तर मले सांगाल?"

देवाजींनी हो म्हणून मान हलवली. त्या पुढं म्हणाल्या, "हे कधीपासून आहे, आठवते?"

आठवत होतं. बेज्जूरकडच्या जंगलातल्या लाइनवरचं काम. वर खांबावर नागोराव, खाली देवाजी. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, एकाच डब्यातून जेवणारे. सबस्टेशनमधून लाइन बंद करून घेतली होती, सगळं रीतसर होतं. पण त्या लाइनवरच्या एका दालमिलनं आपलं जनरेटर चुकीचं जोडून चालू केलं, आणि त्याचा करंट उलटा लाइनवर आला. देवाजी सांगत होते: वेळ दुपारची, हवामान कोरडं, मयत इसम कमरेच्या पट्ट्यावर लटकलेला.

"तुम्ही 'मयत इसम' म्हणालात," मॅडम हळूच म्हणाल्या.

"चौकशीत तसंच लिहिलं होतं."

"तुम्ही त्यांना काय म्हणायचात?"

देवाजी खिडकीकडं बघू लागले. "नागू."

"नागू वर होते. तुम्ही खाली. तेव्हा काय करत होता?"

"उभा होतो. हात लावता येत नाही. लाइन मेली, करंट गेला, हे पक्कं होईपर्यंत चढता येत नाही. चढलो असतो तर मीबी... मी पाहून राह्यलो होतो. तो मले..."

आणि मध्येच खोली दूर गेली. मॅडमचा आवाज यायचा, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली होती, हे त्यांना कळलंच नव्हतं.

"दुर्गेसाहेब. थांबा. पुढचं सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "पाय जमिनीवर टेकवा. दाबा जरा. फरशी थंड आहे का गरम?"

"...थंड."

"समोर काय काय दिसते, नाव घेऊन सांगा."

"पंखा. कॅलेंडर. तुमची पिशवी. पाण्याचा तांब्या."

"श्वास सोडताना हळू सोडा. आपण आदिलाबादेत आहो. शुक्रवार आहे."

थोड्या वेळानं खोली जागेवर आली. देवाजींना घाम फुटला होता. "अर्धं राह्यलं सांगायचं," ते म्हणाले. "खाली कसं उतरवलं ते."

"आज नको."

"सांगाले तर आलो."

"बरोबर. पण पहिल्याच दिवशी सगळं उपसलं तर माणूस परत येत नाही. आधी मधूनच बाहेर येता आलं पाहिजे, आता आलात तसं. मग तिथं जाऊ. एकदम नाही, थोडं थोडं." त्यांनी तांब्यातलं पाणी पुढं केलं. "तुम्ही तिथं धावून जाऊ शकत नव्हता, रडूही शकत नव्हता. तेव्हा शरीरानं सगळंच बंद केलं. त्यानं तुमाले वाचवलं. फक्त धोका टळल्यावर ते परत चालू झालं नाही. दुःख बंद, तसं लेकीचं प्रेमही बंद. तुमच्यात दगड भरला असं नाही."

देवाजी पाणी प्यायले. त्यांना हायसं वाटलं नाही, रडू आलं नाही. इतकंच की कोणीतरी हे बंद पडणं बिघाड म्हणून पाहिलं होतं, स्वभाव म्हणून नाही.

"हे किती दिवस चालते?"

"दर शुक्रवारी येत गेलात तर काही महिने. मधे एखादा आठवडा आजच्याहून वाईट वाटेल. तेव्हा येणं सोडू नका. आणि या आठवड्यात एकच काम. रोज जेवताना एका घासाची चव नीट घ्यायची. आवडलं पाहिजे असं नाही. खारट का तिखट, एवढंच."

बाहेर आशाबाई उठून उभ्या राहिल्या. देवाजींचा चेहरा नेहमीचाच होता. दोघं बसस्टँडकडं चालू लागले. वाटेत आशाबाईंनी विचारलं, "तुमी काय बोलले?"

"नागूचं," देवाजी म्हणाले.

आशाबाईंनी आपल्या नवऱ्याच्या तोंडून ते नाव कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून दशमी काढून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. देवाजींनी घास घेतला, सावकाश चावला.

"खारट झाली जराशी," ते म्हणाले.

"मीठ जास्त पडलं," आशाबाई म्हणाल्या. बस लागली होती, ती दोघं चढली.