दुर्बिणीवरची जकात

शालिकराम मास्तरांची तेरवी उरकून पाहुणे निघून गेले होते. त्यांच्या पत्नी गोकुळाबाई चंद्रपूरच्या घरात एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. फोन वाजला, तसा त्यांनी उचलला. कुरिअर ऑफिसातली रीता बोलत होती.

"बाई, मास्तरांचं जपानवरून पार्सल आलं. त्याच्यावर आयात शुल्क लागलं, ते आम्ही मुंबईत भरलं. इथी नगरपालिकेची जकात बी भरली. दोन्हीचे पैसे पार्सल देतानी तुमच्याकडून घ्या लागन."

"त्यायनं तं किंमत आधीच भरली असन ना?"

"ती सामानाची अन् पाठवण्याची. शुल्क न् जकात त्यात नाई, ते घेणाऱ्याले लागते. दोन्हीच्या पावत्या संग देतो. घ्यायचं नसन तं सांगा, परत पाठवू."

"काय हाय त्यात?"

"दुर्बीण, बाई."

मास्तर रोज सकाळी रामाळा तलावावर बदकं पाहायला जायचे. इतकं काय पाहता, असं गोकुळाबाई नेहमी म्हणायच्या. आता रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही.

"पाठवा," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी पैसे दिले, पावत्या घेतल्या आणि खोकं उघडलं. दुर्बीण डोळ्यांना लावली, ती उलट्या बाजूने. अंगणातलं कडुलिंबाचं झाड पार लांब, नखाएवढं दिसलं. चूक त्यांच्या लक्षात आली, तरी त्यांनी दुर्बीण फिरवली नाही. बराच वेळ तशाच बघत राहिल्या.