हन्नाचा उपास आणि शेवटचा दिवा

हन्ना पाटोळेला अर्धवट राहिलेलं काहीही खपत नाही. ताटात घास टाकून उठणारी माणसं तिच्या मनातून उतरतात, आणि चर्चमध्ये शेवटचं 'आमेन' व्हायच्या आधी पिशवी आवरायला घेणारी तर कायमचीच. केडगावच्या एका शाळेत ती भूगोल शिकवते आणि रोज सावेडीहून स्कूटरवर जाते-येते. महाराष्ट्राचा नकाशा काढायला दिला, तर मुलांनी तो कोकणच्या किनाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पुरा करूनच आणायचा. 'मॅडम, विदर्भ उद्या काढतो' म्हणणाऱ्याची ती काय गत करते, ते केडगावच्या पोरांना विचारा.

या बाईला व्हिडिओ गेमचा नाद आहे, असं शाळेत कुणी सांगितलं तर लोक सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतील. पण नाद आहे, आणि चांगला जुना आहे. रविवारी उपासना झाली, मटणाचं जेवण झालं, भांडी निघाली, की ती टीव्हीपुढे मांडी घालून बसते. खेळते मात्र अगदी सावकाश. गेममधल्या प्रत्येक घरात डोकावणार, प्रत्येक म्हातारीचं बोलणं ऐकून घेणार, प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालणार. वर्षाला तिचे दोन, फार तर तीन गेम होतात. पण जे होतात ते पुरे होतात. भिस्तबाग चौकाजवळच्या वाल्मिकच्या दुकानातून जुनी डिस्क आणायची, ती संपवायची आणि कपाटावरच्या खारीच्या डब्यात ठेवून द्यायची, असा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

या शिरस्त्यात पाय घातला तो तिच्या नवऱ्यानं. अँड्र्यू एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. माणूस मनानं चांगला, पण फुकट हा शब्द कानावर पडला की त्याची मान आपोआप तिकडे वळते. नाताळला त्यानं तिला भेट म्हणून गेमचं मासिक सबस्क्रिप्शन घेऊन दिलं. दर महिन्याला त्याच्या खात्यातून ठरावीक पैसे आपोआप कापले जाणार आणि त्या बदल्यात शेकडो गेम खुले. डिस्क आणायला नको, घालायला नको, काढायला नको. आता जन्मभर खेळलीस तरी संपायचे नाहीत, असं तो मोठ्या कौतुकानं म्हणाला. ज्या बाईला संपवण्यातच सुख आहे तिला हे सांगताना त्याची जीभ कशी अडखळली नाही, कोण जाणे.

सुरुवातीला हन्नालाही गंमत वाटली. पण जानेवारी सरला आणि तिच्या लक्षात आलं की, आपण एक गेम अर्धा तास खेळतो, दुसरा उघडतो, मग तिसरा. पैसे जाताहेत तर चाखून तरी बघू, असं मनात यायचं आणि लग्नाच्या पंगतीत सगळंच ताटात वाढून घेणाऱ्या माणसासारखी तिची गत व्हायची. तिला स्वतःचाच राग आला. मग तिनं बाकीचं सगळं बाजूला सारलं आणि एकच गेम धरला. त्याची डिस्क तिनं दिवाळीच्या सुट्टीत वाल्मिककडूनच आणली होती, आणि तोच गेम सबस्क्रिप्शनमध्येही निघाला. अँड्र्यू म्हणाला, डिस्कची कटकट कशाला, यातूनच खेळ. गेम एका दीपगृहाच्या राखणदारणीचा होता. होडी वल्हवत बेटाबेटावर जायचं आणि विझलेले दिवे पुन्हा लावायचे. हन्नानं एकेक करत सगळे दिवे लावले. शेवटचा एक राहिला, आणि लेंट आला.

ईस्टरआधीच्या उपासाचे, म्हणजे लेंटचे, चाळीस दिवस हन्ना गेमला हात लावत नाही. तिची आई चहा सोडायची, ही गेम सोडते. त्या दिवसांत वाचलेले पैसे चर्चच्या दानपेटीत टाकायचे, हेही आईकडूनच आलेलं. लेंटच्या पहिल्या दिवशी, भस्म बुधवारी, तिनं गेमच्या मशीनची वायर काढून ठेवली आणि अँड्र्यूला बजावलं, की ईस्टरपर्यंत या घरात गेमचं नाव काढायचं नाही. अँड्र्यूनं मान हलवली. बायकोनं इतक्या वर्षांत सांगितलेल्या गोष्टींपैकी त्यानं अक्षरशः पाळलेली ही बहुधा पहिलीच.

ईस्टरच्या संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, हन्नानं वायर लावली. चाळीस दिवस तो शेवटचा दिवा तिच्या डोळ्यापुढे होता, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, लांबलचक उपासनेतही एकदोनदा येऊन गेला होता, आणि त्याबद्दल तिनं देवाची माफीही मागितली होती. तिनं गेम उघडला. चित्रावर छोटं कुलूप दिसलं. हा गेम आता सबस्क्रिप्शनमध्ये उपलब्ध नाही, खेळायचा असेल तर विकत घ्या, असा मजकूर आला. खाली पूर्ण किंमत होती.

तिनं अँड्र्यूला हाक मारली. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, की हो, दर महिन्याला काही गेम जातात, काही नवे येतात. आधी सूचना आली होती त्याच्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये. जायच्या आधी विकत घेतला तर सवलत, असंही त्यात होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस ना, लेंटमध्ये गेमचं नाव काढायचं नाही."

या माणसावर चिडावं तरी पंचाईत, कारण तो तिचेच शब्द तिच्या पदरात घालत होता. पण राग असा अडवून अडतो थोडाच. आणि अँड्र्यूनं तेवढ्यात तो आणखी पेटवला. इतके शेकडो गेम आहेत, त्यातला दुसरा खेळ की, असं तो म्हणाला.

"पुस्तकाचं शेवटचं पान कुणी हातातून ओढून घेतलं, तर त्या माणसाला लायब्ररीचं कपाट दाखवतोस का तू?" हन्ना म्हणाली. "आणि हे चाळीस दिवस मी खेळले नाही, तरी पैसे कापले गेलेच ना? या वर्षी दानपेटीत काय टाकलं मी? उपास मी धरला आणि फराळ कंपनीनं केला."

अँड्र्यू स्क्रीनवरचं कुलूप पुन्हा निरखू लागला. पण हन्नाकडे एक उपाय होता आणि तो आठवताच ती जरा निवली. डिस्क घरातच होती की. खेळलेला भाग मशीनमध्ये साठवलेला असतो, तो गेमबरोबर जात नाही; डिस्क घातली की जिथे थांबलो तिथून पुढे. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि कपाटावरून खारीचा डबा काढला. डबा हलका लागला. झाकण उघडलं तर आत नाताळच्या चांदणीच्या वायरी गुंडाळून ठेवलेल्या.

ती स्टुलावरून उतरली नाही. वरूनच तिनं अँड्र्यूकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

हळूहळू सगळं बाहेर आलं. लेंट चालू असतानाच त्यानं सगळ्या डिस्का वाल्मिकला नेऊन विकल्या होत्या. घरात पडूनच होत्या, आता तर सगळं मोबाईलसारखं वरूनच येतं, आणि हिचा उपास, तेव्हा हिच्या लक्षातही यायचं नाही, असा त्याचा हिशोब. आलेल्या पैशांत पुढच्या महिन्यांचं सबस्क्रिप्शन निघेल, म्हणजे ते जवळजवळ फुकटच, असंही तो हळूच म्हणाला. पुन्हा तो शब्द. हन्नानं डब्याचं झाकण आपटून लावलं. तिला भाड्याची वस्तू भेट देऊन तिचे हप्ते तिच्याच मालकीच्या वस्तू विकून भरणार होता हा माणूस, आणि वर चार महिने तो त्याचं कौतुक करून घेत होता. रात्री ती जेवली नाही. ईस्टरच्या दिवशी उपाशी झोपणारी आख्ख्या सावेडीत ती एकटीच असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं अँड्र्यूला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट वाल्मिकच्या दुकानात नेलं. वाल्मिक मूळचा सोनईचा. मोबाईलची कव्हरं आणि चार्जर पुढे, गेमच्या डिस्का मागे, असं त्याचं चिंचोळं दुकान. हन्नाला पाहून तो उठून उभा राहिला.

"या मॅडम. लई दिवसांनी. मला वाटलं, तुमी खेळायचं सोडलं. साहेब समद्या डिस्का देऊन गेल्ते."

हन्नानं दीपगृहाचा गेम मागितला. वाल्मिकनं मागची फळी धुंडाळली. बऱ्याच डिस्का गेल्या होत्या, पण ही होती. त्यानं डिस्कची पेटी तिच्या हातात दिली. तिनं उघडली. आतल्या कागदावर निळ्या बॉलपेननं, ठसठशीत अक्षरात, 'हन्ना' असं लिहिलेलं होतं. शाळेतला डस्टर असो, डबा असो, छत्री असो, ती सगळ्यावर नाव घालते. वाल्मिकच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्यानं नजर चुकवत किंमत सांगितली, आणि ती अँड्र्यूला मिळालेल्या पैशांहून चांगलीच जास्त आहे हे अँड्र्यूच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यानं गुपचूप पैसे दिले.

एवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज होता. सबस्क्रिप्शनचा हप्ता उद्या खात्यातून आपोआप कापला जाईल, असं त्यात होतं. तो मोबाईल खिशात टाकणार तोच हन्नानं हात पुढे केला. शाळेत मुलांच्या हातून मोबाईल काढून घेताना ती असाच हात पुढे करते, आणि तिथेही कुणी कधी नाही म्हणत नाही. तिनं ऑटोपे उघडलं, ते बंद करायचं बटण दाबलं आणि त्याच्याकडे मोबाईल परत धरला. पिन त्याचा होता.

"टाक," ती म्हणाली.

अँड्र्यू पुटपुटला, की एवढी चांगली सोय, दिवसाला चहाच्या कपाइतकी तर पडते.

"ज्याला रोज नवा गेम लागतो त्याला पडेल," हन्ना म्हणाली. "मी वर्षाला दोन संपवते. ते दोन मला माझे पाहिजेत. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा वाटलं तर एक महिन्याचं घेऊ आणि महिना भरला की बंद करू. बाकीचे अकरा महिने मी शाळेत पोरांवर ओरडत असते, अँड्र्यू. तेव्हा ते शेकडो गेम कोण खेळतं? तू?"

वाल्मिक कव्हरांची मांडामांड करू लागला. अँड्र्यूनं पिन टाकला. ऑटोपे बंद झाल्याचा मेसेज आला, आणि तोही तिनं स्वतः वाचून पाहिला.

त्या संध्याकाळी रविवार नव्हता, तरी ती टीव्हीपुढे बसली. डिस्क घातली. मशीननं जरा वेळ घेतला आणि होडी जिथे सोडली होती तिथेच, त्याच पाण्यात उभी दिसली. अँड्र्यू मागे खुर्चीवर बसून होता. टीव्हीवर बातम्या लाव म्हणायची त्याची छाती झाली नाही. शेवटचा दिवा लागायला रात्रीच्या जेवणाची वेळ झाली. दिवा लागला, सगळी बेटं एकदम उजळली आणि गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. हन्नानं ती सगळी नावं, अगदी शेवटच्या नावापर्यंत, वाचून काढली.

"छान होता गं," अँड्र्यू म्हणाला. "मलाही खेळायचा आहे."

"खेळ," ती म्हणाली. तिचा राग अजून तिथेच होता, आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही. तिनं डिस्क काढून पेटीत ठेवली, पर्समधलं निळं बॉलपेन घेतलं आणि आपल्या नावाखाली लिहिलं, 'विकायची नाही.' मग पेटी त्याच्या हातात दिली आणि जेवायला वाढायला गेली.