पडद्यामागचा डावा पाय

निजामाच्या राज्यात उस्मानाबादच्या आमच्या शाळेत क्रिकेट छडीनं शिकवलं जाई. ड्रिल मास्तरांचा हात असा, की पोरांच्या पोटऱ्यांवरचे वळ आठवडाभर निळे राहत. मी नवा शिक्षक होतो. मला त्यांची भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकतो.

हेडमास्तरांनी हैदराबादहून हातानं फिरवायचं मुक्या चित्रांचं यंत्र आणलं. फिल्मची टोकं जोडलेली, त्यामुळं एकच फलंदाज एकच चेंडू पुन्हापुन्हा अडवी. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, मधोमध पडदा म्हणून धोतर ताणायचं, शिपायानं यंत्र फिरवायचं, मी सूचना वाचायच्या आणि पोरांनी चित्र बघून तसंच करायचं.

मी लिहिलं होतं, "डावा पाय पुढं टाकून, कोपर उंच ठेवून, बॅट सरळ खाली आणावी." वाक्य संपेपर्यंत फलंदाज पुन्हा बॅट उचलायला लागलेला असे. पोरं गोंधळत, छडी सगळ्यांवर फिरे. मार खाल्ला त्यांनी आणि चूक माझ्या भाषेची!

मी यंत्र हळूहळू फिरवून हालचाली मोजल्या आणि सगळं नव्यानं लिहिलं. बॅट मागं. डावा पाय पुढं. बॅट पॅडजवळ. थांबा. एक सूचना, एक हालचाल. पोरं पटापट जुळली. शाळेच्या संघाचा यष्टिरक्षक असलेला एक पोरगा मात्र दर वेळी उजवा पाय टाकी.

मास्तरांनी त्याला पुढं ओढून मांडीवर हाणलं, मग पाठीवर.

"मास्तर, चित्रात उजवाच हाय," तो म्हणाला.

"उलट बोलतोस?" मास्तर माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगा. कोणता हाय?"

मी पडद्याकडं पाहिलं. "डावाच आहे, साहेब."

मग त्यांनी त्याचा हात बाकावर दाबून बोटांवर रूळ हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला यंत्राच्या खडखडाटातही ऐकू आला.

पडलेली बॅट उचलायला मी धोतरामागं गेलो. पुढची जागा खुर्च्यांची, साहेबलोकांची. पोरांना नेहमी मागच्या बाजूला उभं करायचो. तिथून चित्र उलटं दिसत होतं. उजवा पाय पुढं येत होता. बाकीची पोरं पडद्याकडं न बघता नुसतं माझं ऐकत होती. त्या एकट्यानंच, सांगितल्याप्रमाणं, चित्र नीट पाहिलं होतं.

मी मास्तरांना मागं नेऊन दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "बरं. पर मार काय वाया जात न्हाय," एवढंच म्हणाले. तेव्हा तो रूळ हिसकावून त्यांच्या तोंडावर मारावासा वाटला. मारला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खुर्च्या मागं टाकल्या, पोरांना पुढं घेतलं आणि "डावा"च्या जागी "पुढचा" लिहिलं. यष्टिरक्षकही आला, हाताला फडकं बांधून, बॅटशिवाय. मी वाचत गेलो. "बॅट मागं." "पुढचा पाय." सगळ्यांचे पाय एकदम पडले, त्याचाही बरोबर पडला.

पण पाय टाकण्याआधी दर वेळी तो फडक्याचा हात डोक्यावर आडवा धरत होता. ही हालचाल पडद्यावर नव्हती. माझ्या कागदावरही नव्हती.