आजोबांचे तपकिरी दात

व्हिडिओ कॉलवर तुमचे आजोबा ओठ मिटून का हसायचे, ते आता सांगते. त्यांचे दात तपकिरी झाले होते. मला वाटलं, गृहस्थ या वयात चोरून गुडाखू, म्हणजे इथली तंबाखूची पेस्ट, घासतायत. मी त्यांचे खिसेसुद्धा तपासले.

“मले विचारायचं नं! खिसे काहून तपासून राहिली?” ते चिडले.

मग कबूल केलं. ब्रश करताना हिरडीतून रक्त यायचं, म्हणून त्यांनी त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं होतं. त्याऐवजी दुकानातून आणलेल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या चुळा पावसाळाभर चालू होत्या. आता एक दात हलत होता, आणि तो जाईल या धास्तीने ते डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. मीच त्यांना इथल्या पंडरी भागाजवळच्या दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. “काका, हा डाग चुळांचा आहे. हे औषध थोड्या दिवसांपुरतं असतं. रक्त येतंय दातांच्या मुळाशी जमलेल्या किटणामुळे. ते पेस्टने निघत नाही, मला काढावं लागेल. आणि रक्त येतं तिथेच मऊ ब्रश रोज फिरवायचा.”

“दातावरून सरकलेली हिरडी पुन्हा जागेवर येईल?” मी विचारलं.

“नाही. पण आणखी सरकणं थांबवू शकतो. वेळेवर आलात, दात वाचेल असं दिसतंय.”

दोन-तीन खेपांत सफाई झाली, डाग गेले, रक्त थांबलं, दातही राहिला. रविवारी कॉलवर आजोबा सगळे दात दाखवतील. तुम्ही फक्त कौतुक करा, मी खिसे तपासल्याचं ते स्वतःच सांगतील.