सलग नोकरीचे गुण

आमच्या फाउंड्रीत साच्यांची वाळू तपासणाऱ्या सँड लॅबच्या दोन कायम जागा निघाल्या आणि बघता बघता दोनशेच्या वर अर्ज आले. धाकटे साहेब म्हणाले, "मॅडम, हे सगळं आता एआयला वाचू द्या." मी म्हटलं, वाचू दे की! बावीस वर्षं एचआरमध्ये बायोडाटे वाचून माझ्या डोळ्यांची वाट लागली होती. शिवाय कुणाचा मेव्हणा, कुणाच्या गावचा सरपंच, असे फोन घेऊन मी वैतागले होते.

पहिल्या दिवशी मी साधं लिहिलं: बायोडाटा वाच आणि शंभरपैकी गुण दे. एकाच अर्जाला सकाळी अठ्ठ्याहत्तर मिळाले, जेवणानंतर चौसष्ट. अक्षर तेच, माणूस तोच! वीस अर्ज एकदम दिले तर आधीचे बघून पुढच्यांचे गुण वरखाली व्हायचे. माझं डोकंच फिरलं. पण नीट विचार केला तेव्हा कळलं की चूक माझीच होती. 'चांगला अनुभव' म्हणजे काय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, मग तो दर वेळी आपल्या मनाने ठरवणार नाहीतर काय करणार?

मग मी हट्टालाच पेटले. सलग आठ दिवस गडमुडशिंगीहून सकाळची पहिली बस पकडून यायचे आणि चहा गार होईपर्यंत नियम लिहीत बसायचे. वाळूच्या चाचण्यांचा अनुभव, शिक्षण, नोंदी ठेवण्याची सवय, सलग नोकरी, असे चार मुद्दे ठरवले. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, आणि कशाला शून्य, कशाला तीन, कशाला पाच, ते उदाहरणासकट लिहिलं. एका वेळी एकच अर्ज द्यायचा. नाव, गाव, फोटो आधीच काढून टाकायचे. गुण देण्याआधी बायोडाट्यातली ज्यावरून गुण द्यायचे ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरायचं नाही. बेरीज त्याने करायचीच नाही, ती आमच्या शीटमध्ये व्हायची. सलग नोकरीचा नियम साहेबांच्या आग्रहाखातर कडक केला, कारण त्यांना टिकणारा माणूस पाहिजे होता. एका मालकाकडे तीन वर्षं किंवा जास्त असतील तर पाच, सगळ्या नोकऱ्या वर्षाच्या आतल्या असतील तर शून्य. आणि शून्य आलं की अर्ज बाद.

दहा अर्ज निवडून तेच तीन तीन वेळा चालवून बघितले. गुण जसेच्या तसे! मला इतका आनंद झाला की अकाउंट्सच्या पोरींना मी स्वतःहून भजी सांगितली.

त्याच आठवड्यात लॅबमधला आमचा कंत्राटी माणूस अर्ज घेऊन आला. कागलकडचा. साच्याच्या वाळूत ओल किती, तिची ताकद किती, हे तो नऊ वर्षं रोज तपासत होता. माल खराब निघाला की इंजिनिअर आधी त्याच्याकडे धावायचे. जाहिरातीत वयाची अट चाळीस होती आणि त्याची चाळिशी दिवाळीनंतर भरत होती. म्हणजे कायम व्हायची ही त्याची शेवटची संधी, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"मॅडम, एवढा माझा बघा की," तो म्हणाला.

"मी न्हाय बघत आता. मशीन बघतंय. आणि मशीन कुणाचं पावणं न्हाय," मी ठसक्यात सांगितलं.

"मग लईच भारी. ह्या बारीला हुतंय बघा," म्हणून तो हसत गेला.

यादी तयार झाल्यावर मी अर्जांच्या क्रमांकासमोर नावं लावली. बाद अर्जांत त्याचं नाव! मला वाटलं मशीनचं काहीतरी बिनसलं. उतरवलेल्या ओळी काढून बघितल्या. अनुभवाला पाच, नोंदींना पाच, सलग नोकरीला शून्य. त्याखाली चौदा नोकऱ्या, एकही पूर्ण आठ महिन्यांची नाही, मालक कधी हा कंत्राटदार, कधी तो. आमच्या फाउंड्रीचं नाव कुठेच नाही, कारण कंत्राटदाराच्या दाखल्यावर ते नसतंच.

मी खुर्चीत मागे टेकले. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम व्हायचा हक्क मागू शकतो, म्हणून त्याआधी आमच्याकडे 'ब्रेक' देतात. पंधरा दिवस घरी बसायचं, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर त्याच टेबलाशी परत. आणि ब्रेकच्या याद्या कोण काढतं? मीच! त्या एका नोकरीचे चौदा तुकडे मीच तर पाडले होते. आठ दिवस घासून नियम लिहिताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

मी नियमात एक वाक्य घातलं: एकाच कारखान्यात वेगवेगळ्या कंत्राटदारांमार्फत केलेलं काम, मधला खंड महिन्याच्या आतला असेल तर, सलग धरावं. फॉर्ममध्ये 'प्रत्यक्ष काम कुठे केलं' हा रकाना वाढवला, सगळ्यांकडून भरून घेतला आणि सगळेच्या सगळे अर्ज पुन्हा चालवले. एकट्यासाठी नियम वाकवायचा नव्हता मला. आमच्याकडचे आणि शेजारच्या कारखान्यांतले मिळून बरेच जण वर आले. तो पहिला होता.

कागद घेऊन धाकट्या साहेबांकडे गेले. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"मॅडम, हे लेखी द्यायचं?"

"नियम आहे सर. लिहिल्याशिवाय मशीनला कसं कळणार?"

"उद्या कुणी कोर्टात हाच कागद दाखवला तर? कंपनी स्वतःच म्हणतेय, यांची नोकरी सलग आहे. काढा ते."

"मग त्याला तरी तोंडी घ्या. नऊ वर्षं लॅब त्याच्याच जिवावर चाललीय."

"तोंडी घेतला की बाकीचे दारात उभे. आता मशीनने ठरवलंय म्हणून कुणी भांडत नाही. सगळ्यांना सारखा नियम पाहिजे, हे तुमचंच म्हणणं ना?"

माझंच म्हणणं होतं. तोंडावर राजीनामा फेकून यावंसं वाटलं. पण मुलीचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले. जागेवर येऊन ते वाक्य काढलं आणि पुन्हा सगळे अर्ज चालवले. यादी पहिल्यासारखीच आली, एका गुणाचाही फरक नाही.

चार दिवसांनी तो आला. "मॅडम, माझं कुठं चुकलं? पुढच्या टायमाला सुधारतो की." पुढचा टाइम नव्हता, पण माणूस बोलून जातो. खोटं सांगायचं मनात आलं होतं. सांगवलं नाही. मी त्याच्या गुणांचा कागद काढून दिला.

उभ्या उभ्या त्याने तो बोट फिरवत वाचला. सगळ्या चौदा ओळी.

"बरोबर वाचलंय की त्येनं," तो म्हणाला. "त्येची काय चूक न्हाय."

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "माझा ब्रेक कवापास्नं हाय मॅडम?"

"सोमवारपासून," मी म्हटलं, आणि सहीसाठी पत्र पुढे सरकवलं.